सांगितलंस ते बरं केलंस

ठाण्यात राहणाऱ्या दोन मैत्रिणींचं उदाहरण घेऊ. दोघी शाळेपासूनच्या, आता पंचेचाळिशीच्या. एकीचा मुलगा बारावी सायन्सला आहे. रविवारी तिने मैत्रिणीच्या घरच्यांना जेवायला बोलावलं. पानं वाढून झाली आणि बोलता बोलता तिने मुलाचे पूर्वपरीक्षेचे मार्क सगळ्यांसमोर काढले, मामेभावाला किती पडले तेही सांगितलं. मुलगा अर्ध्या जेवणातून उठून खोलीत गेला. सोमवारी संध्याकाळी मैत्रिणीचा फोन आला. “रागावू नकोस, पण एक सांगते. काल तू त्याचे मार्क काढलेस तेव्हा त्याचं तोंड बघितलंस का? गणपतीतही असंच झालं होतं. तू त्याला चारचौघांत टाकून बोलतेस गं. तो आता तुझ्यासमोर जेवायला बसायचंही टाळतो.”

असं काही ऐकताना कान तापतात आणि उत्तरं आपोआप तोंडाशी येतात. ‘तुझी मुलगी मार्गी लागली, तुला काय जातंय बोलायला!’ ‘घरात एकटी मी आहे सगळं बघायला.’ ‘बारावीच्या मुलाला मग काहीच बोलायचं नाही का?’ आणि या सगळ्यांत गोड दिसणारं, पण सर्वांत जास्त बोचणारं: ‘बरं झालं बाई सांगितलंस, आम्हाला कुठे कळतंय मुलं वाढवायला!’ यातलं काहीही बोलून गेलं, की मैत्रीण दोन पावलं मागे सरते. ती भांडत नाही. “जाऊ दे गं, मी सहज म्हटलं,” एवढंच म्हणते, आणि पुढच्या वेळी काही दिसलं तरी बोलत नाही.

तिला बोलतं ठेवायचं असेल तर तिचे आभार मानता यायला हवेत. लागलेलं असताना, ते खोटं न वाटता आणि टोमणा न वाटता मानता यायला हवेत. सगळी अडचण इथेच आहे. ‘मला हे पटलेलंच नाही, तर आभार कसले मानू?’ असं वाटतं, आणि त्यात प्रामाणिकपणाही असतो. यातून वाट एकच आहे. सल्ल्याचे आभार मानण्याची घाई करू नये. सांगितल्याचे आभार मानावेत. सल्ला बरोबर की चूक हे ठरवायला आठवडा लागेल, कदाचित वर्षही लागेल. पण मैत्रिणीने फोन उचलून ते आपल्याला सांगितलं, ही गोष्ट घडून गेलेली आहे. तिच्याबद्दल आजच, मनापासून बोलता येतं.

सांगणाऱ्याची बाजू

अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठातील सिडनी रोझेन आणि अब्राहम टेसर या मानसशास्त्रज्ञांनी 1970 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. प्रयोगाला आलेल्या व्यक्तीकडे दुसऱ्या कुणासाठी फोनवरचा निरोप दिला जाई. कधी निरोप चांगल्या बातमीचा असे, कधी वाईट. चांगली बातमी लोक पूर्ण सांगत. वाईट बातमी असली की ‘घरी फोन करायला सांगितलंय’ इतकंच सांगून मोकळे होत. त्या बातमीत निरोप्याचा काडीचाही दोष नव्हता, समोरचा माणूस ओळखीचाही नव्हता, तरी जीभ अडत होती.

ओळखीच्या माणसाला त्याच्याच वागण्याबद्दल सांगायचं तर ही अडचण कितीतरी वाढते. ठाण्यातल्या मैत्रिणीने रविवारी रात्री हे बोलावं की नको, यावर नक्कीच विचार केला असणार. ‘दुसऱ्याच्या घरात आपण कशाला पडा’ हे तिला तिच्या घरच्यांनीही सुनावलं असेल. गप्प बसणं तिला सोपं होतं. त्याहून सोपं होतं तिसऱ्या मैत्रिणीला फोन करून ‘बघितलंस, कशी बोलते ती पोराला’ असं म्हणणं. तिने यातलं काही केलं नाही. आभार मानताना मनात धरायचं ते हेच.

आभार कशाचे मानतो यावरून ते कसे पोहोचतात हेही बदलतं. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातील सारा अल्गो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जोडप्यांना एकमेकांचे आभार मानायला सांगून त्याचं चित्रीकरण केलं आणि प्रत्येक वाक्य तपासलं. काही जण आपला काय फायदा झाला ते सांगत होते. काही जण समोरच्याने केलेल्या गोष्टीचं, त्याच्या स्वभावातल्या चांगुलपणाचं नाव घेत होते. 2016 मध्ये आलेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार दुसऱ्या प्रकारचे आभार ऐकणाऱ्याला अधिक भिडत होते. ‘माझा फायदा झाला’ असं म्हणण्याची कडू सल्ल्याच्या बाबतीत तर सोयच नसते, कारण त्या क्षणी फायदा झालेला नसतो, फक्त लागलेलं असतं. म्हणून ‘तू हे केलंस’ याच बाजूने बोलणं खरं ठरतं.

फोनवर काय म्हणावं

आता पुन्हा सोमवारच्या फोनकडे येऊ. त्या घटकेला पूर्ण आभार मानण्याचा प्रयत्न करू नये, कारण आवाज साथ देत नाही. शब्द गोड निघतात आणि सूर कोरडा. त्यापेक्षा तात्पुरतं, पण खरं असं काही बोलावं. उदाहरणार्थ: “ऐकून वाईट वाटलं गं, खोटं कशाला सांगू. पण तू मला सांगितलंस ते बरं केलंस. जरा विचार करू दे, उद्या बोलते.”

या उत्तरात ‘पण’ कुठे आहे ते पाहावं. आपण बहुतेक वेळा उलटं करतो: ‘सांगितलंस ते बरं केलंस, पण मला वाईट वाटलं.’ शब्द तेच, परिणाम अगदी वेगळा. मराठीत बोलताना ‘पण’च्या आधीचं औपचारिक आणि नंतरचं मनातलं, असंच ऐकणारा धरून चालतो. म्हणून आधी आपलं दुखणं ठेवावं आणि ‘पण’नंतर आभार. दुखल्याचं लपवायचं मुळीच कारण नाही. लपवलं तर ते सुरातून बाहेर पडतं, आणि तिरकस सुराचा उगम बहुतेकदा तिथेच असतो.

‘उद्या बोलते’ म्हटलं की दुसऱ्या दिवशी बोलावं. चार दिवस गेले तर ती गप्पाईचा अर्थ आपल्या परीने लावते. फोन केल्यापासून तिचं अर्धं लक्ष मोबाइलकडे आहे, हे लक्षात असू द्यावं.

तीन मसुदे

दुसऱ्या दिवशी आई मेसेज लिहायला बसते. पहिला मसुदा असा होतो:

“काल फोन केलास त्याबद्दल थँक्यू. तुझा मुद्दा समजला. पण तुला माहीतच आहे, यांची नागपूरला बदली झाल्यापासून सगळं माझ्या एकटीवर आहे. आणि बारावीचं वर्ष म्हटल्यावर थोडं बोलावंच लागतं.”

यातला शब्द न् शब्द खरा असेल. तरी हे आभार नाहीत, ही बाजू मांडणं आहे. पहिली दोन वाक्यं पावती दिल्यासारखी आहेत आणि मग खरा मजकूर सुरू होतो. मैत्रीण वाचेल आणि लिहील, ‘हो गं, तुझ्यावर किती ताण आहे ते कळतं मला.’ म्हणजे तिने आणलेला विषय संपला आणि आता ती आईचं सांत्वन करते आहे. आपण बचाव करतो आहोत का, हे ओळखायची खूण सोपी आहे. मेसेजमध्ये आपल्या परिस्थितीबद्दल किती वाक्यं आहेत आणि तिने सांगितलेल्या गोष्टीबद्दल किती, ते पाहावं. इथे मुलाच्या ताटावरून उठण्याबद्दल एकही वाक्य नाही.

दुसरा मसुदा उलट टोकाला जातो:

“तुझे खूप खूप आभार!! माझे डोळेच उघडलेस गं. मी किती वाईट आई आहे ते आज कळलं. तुझ्यासारखी स्पष्ट बोलणारी मैत्रीण मिळायला भाग्यच लागतं!”

लिहिणारीच्या मनात कदाचित टोमणा नसेलही. पण वाचणारीला तो दिसण्याचीच शक्यता जास्त. जवळच्या मैत्रिणीला आपण एरवी ‘तुझे खूप खूप आभार’ असं म्हणत नाही, त्यामुळे शब्द अचानक परके होतात. ‘डोळे उघडलेस’, ‘भाग्यच लागतं’ ही वाक्यं आपल्याकडे भांडणातही वापरली जातात. ‘स्पष्ट बोलणारी’ म्हटलं की कौतुकापेक्षा बोलणं कडक होतं याचीच आठवण होते. ‘लक्षात ठेवीन हं’ हेही याच जातीचं. मनात कृतज्ञता असली तरी कानावर धमकी पडते. ‘च’ जोडला की धोका आणखी वाढतो: ‘तुझं बरोबर आहे’ हे मान्य करणं झालं, ‘तुझं बरोबरच असणार’ हा टोला झाला.

समजा, मैत्रिणीला ते सगळं खरं वाटलं, तरी काम बिघडलेलंच आहे. ‘मी वाईट आई’ या वाक्याला तिला एकच उत्तर देता येतं: ‘छे गं, तू किती करतेस त्याच्यासाठी!’ स्वतःला कोसल्याने तिला आपलं बोलणं मागे घ्यावं लागतं. तिने एका सवयीबद्दल सांगितलं होतं, आईपणावर निकाल दिलेला नव्हता.

तिसरा मसुदा असा होऊ शकतो:

“काल तू बोललीस त्याचा रात्री विचार केला. जेवताना मी त्याचे मार्क सगळ्यांसमोर काढले, गणपतीतही काढले होते, तू म्हणालीस ते खरं आहे. ऐकताना लागलं, म्हणून मी फोनवर गप्प झाले. तुझ्यावर राग नव्हता. घरात मला हे कुणी सांगितलं नसतं. तुलाही सांगणं जड गेलं असणार, तरी तू फोन केलास आणि माझ्याशीच बोललीस, याचं खरंच बरं वाटलं. तो माझ्यासमोर जेवायला टाळतो हे मात्र माझ्या लक्षात आलेलं नाही. तुला काय दिसलं ते भेटल्यावर सांग.”

हा मेसेज लांब आहे, पण त्यात एकही मोठा शब्द नाही. मैत्रिणीने सांगितलेला प्रसंग तिच्याच तपशिलासह त्यात आला आहे, त्यामुळे आपलं ऐकलं गेलं हे तिला कळतं. नुसतं ‘तुझा मुद्दा समजला’ यातून ते कळत नाही. जेवढं खरं वाटलं तेवढंच मान्य केलं आहे. आभार तिच्या कृतीचे आहेत: फोन केला, तोही थेट. कुठलंही वचन दिलेलं नाही. ‘आजपासून एक शब्द बोलणार नाही’ असं लिहिलं असतं तर ते आठवड्यात मोडलं असतं. आणि जी गोष्ट पटलेली नाही ती दडपलेली नाही, ‘काय दिसलं ते सांग’ असा प्रश्न म्हणून ठेवली आहे. विचारणं आणि उलटतपासणी यांतला फरक इथे जपावा लागतो. ‘तुला असं कशावरून वाटलं?’ हा प्रश्न पुरावा मागतो, ‘तुला काय दिसलं?’ हा ऐकायला तयार असतो.

मेसेज की आवाज

तिसरा मसुदा तयार झाला तरी तो पाठवण्याऐवजी फोनवर बोलणं बरं. न्यूयॉर्क, शिकागो आणि इलिनॉय इथल्या विद्यापीठांतील जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांना काही वाक्यं मनापासून आणि काही उपरोधाने सांगायची होती, कधी ईमेलवर तर कधी आवाजात. ईमेल लिहिणाऱ्यांना वाटत होतं, वाचणारा सुमारे 78 टक्के वेळा आपला सूर बरोबर ओळखेल. प्रत्यक्षात तो 56 टक्के वेळाच ओळखला गेला, म्हणजे अंदाजपंचे सांगण्यापेक्षा थोडाच जास्त. आवाजात मात्र लोकांना तो बराच नीट कळत होता.

लिहिताना आपल्या डोक्यात आपलाच आवाज चालू असतो, म्हणून सूर कागदावर उतरला असं वाटतं. वाचणारीच्या डोक्यात कालच्या फोनवरची आपली शांतता असते. त्यात नुसता अंगठा किंवा हात जोडल्याची खूण पाठवली तर ‘विषय संपला’ असाच अर्थ निघतो. लिहूनच कळवायचं असेल तर साधी वाक्यं, पूर्णविराम आणि नेहमीची हाक पुरे. रोज ‘अगं’ म्हणत असाल तर त्या दिवशीही ‘अगं’च म्हणावं. मेसेजचा मसुदा समोर ठेवून फोन करणं हा सर्वांत चांगला मार्ग, कारण शब्द आधी तपासलेले असतात आणि सूर आवाजातून जातो.

पुरुषांच्या मैत्रीत आभार बोलून दाखवायची पद्धत कमीच. दुसऱ्या दिवशी टपरीवर चहा पाजला की झालं, असा समज असतो. चहा जरूर पाजावा, पण सोबत एक वाक्य लागतं: “परवा तू बोललास ना, ते माझ्या डोक्यात आहे. सांगितलंस ते बरं केलंस.” नाहीतर मित्राला कळतच नाही की चहा कशाचा होता, त्याला माफी मिळाली की त्याचं ऐकलं गेलं.

हूकरचं वाक्य, डार्विनची आठ वर्षं

मैत्रीतल्या कडू शब्दाला उत्तर कसं द्यावं, याचा एक नमुना विज्ञानाच्या इतिहासात आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर हा चार्ल्स डार्विनचा जवळचा मित्र. सजीवांच्या जाती बदलत जातात असं आपल्याला वाटू लागलं आहे, हे डार्विनने त्याला 1844 मध्येच विश्वासाने कळवलं होतं. सप्टेंबर 1845 मध्ये एका फ्रेंच लेखकाच्या पुस्तकावर लिहिताना हूकर पत्रात म्हणाला, की ज्याने अनेक जातींचं बारकाईने वर्णन केलेलं नाही त्याला या प्रश्नात पडण्याचा फारसा अधिकार नाही. डार्विनने तोवर तसं काम केलेलं नव्हतं. वाक्य त्याला लागलं.

त्याने उत्तरात दोन गोष्टी एकत्र कळवल्या. तुझं म्हणणं खरं आहे आणि मला ते वेदना देणारं आहे. पुढे त्याने हेही लिहिलं, की तरीही आपण हा विषय हाताळणारच आहोत, आणि आपण निसर्गविज्ञानाच्या अनेक शाखांत काम केलं आहे एवढाच आपल्याला दिलासा. त्याने लागल्याचं लपवलं नाही, हूकरला दोष दिला नाही आणि आपला बेतही सोडला नाही. हूकरने लगेच खुलासा केला, की ते वाक्य त्याला उद्देशून नव्हतंच. डार्विनला त्या खुलाशावर विषय मिटवता आला असता.

1846 मध्ये तो बार्नॅकल या, खडकांना आणि जहाजांच्या तळाला चिकटून राहणाऱ्या कवचधारी समुद्री जीवांच्या अभ्यासाला लागला. हे काम 1854 पर्यंत, आठ वर्षं चाललं. त्यामागे इतर कारणंही होती, पण हूकरचं ते वाक्य त्यांतलं एक मानलं जातं. 1853 मध्ये या कामासाठी डार्विनला रॉयल सोसायटीचं पदक मिळालं, आणि 1859 मध्ये जातींच्या उगमावरचा ग्रंथ आला तेव्हा ‘तुम्हाला अधिकार काय?’ असं त्याला कुणी विचारू शकलं नाही. हूकर शेवटपर्यंत त्याचा मित्र राहिला, आणि त्याचं लेखन बारकाईने वाचून चुका दाखवत राहिला. डार्विन त्याच्याकडे मसुदे पाठवत राहिला, यापेक्षा मोठे आभार त्याने मानले नसते तरी चाललं असतं.

पुढचा महिना

ठाण्यातल्या आईसाठीही आभारांचा दुसरा भाग पुढेच आहे. महिनाभराने, काही बदललं असेल तर तेवढंच कळवावं: “परवा मामाकडे गेलो होतो. मार्कांचा विषय निघाला, मी काही बोलले नाही. तो शेवटपर्यंत पंगतीत बसला होता.” काही बदललं नसेल तर तेही सांगता येतं: “प्रयत्न करतेय, कालही तोंडातून निघून गेलं.” आपलं बोलणं वाया गेलं नाही हे मैत्रिणीला अशाने कळतं. त्याहूनही पुढचं म्हणजे नंतर एखाद्या गोष्टीत आपण होऊन तिचं मत विचारणं.

आणि फोनवर तो तिरकस टोला निघूनच गेला असेल तर? तर आभारांच्या आधी एक वाक्य: “काल मी तिरकस बोलले, ते चुकलं.” का बोलले याची कारणं त्याला जोडू नयेत, नाहीतर पहिला मसुदा पुन्हा सुरू होतो.

या सगळ्याला मर्यादा आहेत. मैत्रिणीने तेच जेवणाच्या टेबलावर, मुलासमोर सुनावलं असतं, तर सांगण्याच्या पद्धतीबद्दल बोलण्याचा आईला पूर्ण हक्क होता. फक्त ते वेगळ्या दिवशी बोलावं: “तू सांगितलंस त्याबद्दल काही नाही, पण पुन्हा असं काही वाटलं तर मला बाजूला घेऊन सांग.” आभार आणि तक्रार एका दमात आली की फक्त तक्रार ऐकू जाते. जो माणूस दर भेटीत, चारचौघांत, आपल्याला खाली दाखवायलाच ‘खरं’ बोलतो, त्याच्या बाबतीत आभारांचा प्रश्नच येत नाही. ओळखायचं असेल तर तो हे एकांतात सांगतो का आणि सांगताना त्याला जड जातं का, ते पाहावं.

तुम्हालाही असं काही कुणी सांगितलं असेल आणि त्यानंतर ते फोन कमी झाले असतील, तर विषय जुना झाला म्हणून सोडून देऊ नका. सल्ला तेव्हा पटला होता की नाही हे बाजूला ठेवा. फोन लावा, तो प्रसंग नाव घेऊन सांगा, आणि ‘तेव्हा तू सांगितलंस ते बरं केलंस’ एवढं म्हणा. उशिरा मानलेले आभारही पोहोचतात.